साक्षांकन प्रतीचे, पडताळणी मूळ कागदाची

लेखी परीक्षेनंतर आलेल्या पडताळणीच्या पत्रात एक ओळ होती: ‘उमेदवाराने सर्व मूळ प्रमाणपत्रे आणि त्यांच्या स्वसाक्षांकित छायाप्रती सोबत आणाव्यात.’ हे पत्र केंद्र सरकारच्या एका कार्यालयातील पदासाठीचे होते. त्याच सुमारास राज्यातील एका संस्थेकडूनही पडताळणीचे बोलावणे आले आणि त्यात त्याच प्रमाणपत्रांच्या प्रती ‘राजपत्रित अधिकाऱ्याने साक्षांकित केलेल्या’ असाव्यात असे लिहिले होते. उमेदवार मीच, कागद तेच आणि झेरॉक्सचे दुकानही गोव्यातल्या डिचोली बाजारातले तेच. तरीही एका ठिकाणी माझी सही पुरेशी होती आणि दुसऱ्या ठिकाणी ती अजिबात चालणार नव्हती. दोन्ही पडताळण्या पार पडल्यावर ‘मूळ’, ‘स्वसाक्षांकित’ आणि ‘राजपत्रित’ या तीन शब्दांमागे नेमके काय असते ते मला समजले. माझ्याबरोबर रांगेत उभ्या असलेल्या अनेकांचा वेळ आणि धीर सह्यांच्या मागे खर्च झाला होता, पण अडचण मात्र वेगळ्याच जागी निघाली, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

प्रथम साक्षांकन म्हणजे काय ते पाहू. छायाप्रतीवर कोणी सही करून ‘खरी प्रत’ असे लिहितो, तेव्हा तो एकच गोष्ट सांगत असतो: समोरचा कागद मूळ कागदाशी अक्षरशः जुळतो. मूळ प्रमाणपत्र खरे आहे की खोटे, ते योग्य अधिकाऱ्याने दिले आहे की नाही, त्यातला मजकूर या भरतीसाठी चालतो की नाही, यांपैकी कशाचीही हमी ती सही देत नाही. झेरॉक्सची यंत्रे नव्हती तेव्हा या सहीला मोठा अर्थ होता. प्रमाणपत्राची प्रत टंकलेखक पाहून पाहून टाइप करत असे, त्यात एखादा आकडा किंवा नाव चुकणे सहज शक्य होते, आणि म्हणून कोणीतरी जबाबदार सरकारी अधिकाऱ्याने दोन्ही कागद शेजारी ठेवून ताडून पाहणे आवश्यक होते. यंत्राने प्रत निघू लागल्यावर हे कारण बरेचसे उरले नाही, पण सहीची सवय राहिली. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००९ च्या आपल्या बाराव्या अहवालात नागरिकाच्या स्वतःच्या प्रमाणीकरणावर विश्वास ठेवण्याची शिफारस केली, २०१३ मध्ये केंद्राच्या प्रशासकीय सुधारणा विभागाने ती इतर मंत्रालयांना आणि राज्यांना कळवली, आणि पुढे केंद्रीय भरतीत स्वसाक्षांकन हाच सर्वसाधारण नियम झाला. तरीही ज्या संस्थेच्या नियमांत किंवा जाहिरातीत राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन स्पष्ट लिहिलेले असते, तिथे तेच लागते. केंद्राने असे ठरवले आहे, असे टेबलापलीकडच्या लिपिकाला सांगून काही उपयोग होत नाही, कारण त्याच्या हातातली यादी त्याच्या संस्थेच्या जाहिरातीवरून बनलेली असते.

स्वसाक्षांकित प्रत तयार करणे सोपे वाटते, आणि बहुतेक तसेच आहे. पण काही गोष्टी आधी ठाऊक असलेल्या बऱ्या. प्रत ए-फोर आकाराच्या कागदावर घ्यावी. मागच्या बाजूला शेरा, शिक्का किंवा पत्ता असेल तर ती बाजूही घ्यावी. आधार कार्डाच्या बाबतीत तर ते विसरताच येत नाही. सही प्रत्येक पानावर करावी लागते, फक्त शेवटच्या पानावर केलेली सही पूर्ण संचाला लागू होत नाही. ती मोकळ्या जागेत, शक्यतो निळ्या शाईने करावी, म्हणजे ती छापलेली नसून हाताने केलेली आहे हे नजरेत येते. प्रमाणपत्राच्या शिक्क्यावर किंवा क्रमांकावर सही केली की ती प्रत वाचायलाच उपयोगी राहत नाही. सहीखाली पूर्ण नाव आणि तारीख लिहावी.

यांत सर्वांत महत्त्वाची बाब सहीच्या रूपाची आहे. मी अर्ज भरला तेव्हा माझे लग्न झाले नव्हते आणि अर्जासोबत जोडलेली सहीची प्रतिमा माहेरच्या नावाची होती. पडताळणीच्या वेळेपर्यंत लग्न होऊन आधार कार्ड सासरच्या आडनावाने झाले होते आणि बँकेतली सहीही मी बदलली होती. प्रतींवर कोणती सही करायची याचा मी विचार केला आणि अर्जावरचीच केली, कारण टेबलावरच्या संगणकावर माझ्या नावापुढे तीच सही दिसणार होती. झालेही तसेच. तपासणाऱ्या बाईंनी प्रतीवरची सही आणि पडद्यावरची सही पाहिली आणि पान उलटले. माझ्या पुढच्या उमेदवाराने अर्जात इंग्रजीतून सही केली होती आणि प्रतींवर देवनागरीतून. त्याला तिथेच एका कोऱ्या कागदावर दोन्ही सह्या करून, त्या आपल्याच आहेत असे लिहून द्यावे लागले. त्यामुळे त्याची उमेदवारी काही गेली नाही, पण रांग थांबली.

राजपत्रित अधिकाऱ्याकडे जाण्याआधी मी गावात विचारपूस केली, तेव्हा लोकांच्या मनात या पदाविषयी किती वेगवेगळ्या कल्पना आहेत हे दिसले. कोणी सरपंचाचे नाव सुचवले, कोणी बँकेच्या व्यवस्थापकाचे, तर कोणी आमच्या जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांचे. राजपत्रित अधिकारी म्हणजे ज्याची नेमणूक सरकारी राजपत्रात प्रसिद्ध होते असा शासनसेवेतील अधिकारी. ढोबळमानाने ‘अ’ गटातील अधिकारी आणि ‘ब’ गटातील राजपत्रित म्हणून ठरवलेली पदे. सरपंच लोकांनी निवडलेला असतो आणि बँकेचा व्यवस्थापक बँकेचा कर्मचारी असतो, म्हणून ते दोघे यात बसत नाहीत. मुख्याध्यापकांच्या बाबतीत गोव्यात खास घोळ होतो, कारण आपल्याकडची बरीच माध्यमिक आणि उच्च माध्यमिक विद्यालये खासगी संस्थांची, अनुदानित आहेत. त्यांना पगारासाठी सरकारचे अनुदान मिळते, पण त्यांचे प्राचार्य शासनसेवेत नसतात आणि म्हणून राजपत्रितही नसतात. सरकारी उच्च माध्यमिक विद्यालयाच्या प्राचार्यांची गोष्ट वेगळी. गावाजवळ सहज भेटणारे अधिकारी म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, सरकारी पशुवैद्यकीय अधिकारी, मामलेदार आणि गट विकास अधिकारी. नोटरी हा आणखी एक गोंधळ. १९५२ च्या नोटरी कायद्याखाली नेमलेला नोटरी प्रत खरी असल्याचे प्रमाणित करू शकतो आणि त्या प्रमाणनाला कायद्यात स्वतःचे वजन आहे, पण नोटरी हा राजपत्रित अधिकारी नव्हे. पत्रात ‘राजपत्रित अधिकारी किंवा नोटरी’ असे लिहिले असेल तर पणजीच्या किंवा डिचोलीच्या नोटरीकडे पैसे देऊन काम होते. फक्त ‘राजपत्रित अधिकारी’ लिहिले असेल तर नोटरीचा लाल शिक्का कितीही भारदस्त दिसला तरी ती अट पूर्ण झाली असे म्हणता येत नाही.

मी आरोग्य केंद्रात गेले. बाह्यरुग्णांची गर्दी ओसरेपर्यंत थांबावे लागले आणि ते योग्यच होते, कारण साक्षांकन हे डॉक्टरांचे मुख्य काम नाही. आत गेल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘ओरिजिनल खंय?’ मी मूळ कागदांची फाइल पुढे ठेवली. त्यांनी प्रत्येक प्रत मूळ कागदाशेजारी धरली, गुणपत्रिकेवरचा आसन क्रमांक आणि एकूण गुण बोटाने जुळवले, आणि मगच सही केली. सहीखाली त्यांनी नावाचा आणि हुद्द्याचा शिक्का मारला, शेजारी आरोग्य केंद्राचा गोल शिक्का आणि तारीख. माझ्यामागून आलेल्या एका मुलाकडे मूळ कागद नव्हते. ते घरी आहेत, नंतर दाखवतो, असे तो म्हणत होता. डॉक्टरांनी त्याला शांतपणे परत पाठवले. ‘मी पाहिलेच नाही, तर जुळते असे कसे लिहू?’ एवढेच ते म्हणाले. काहींना हा ताठा वाटेल, पण साक्षांकनाचा सगळा अर्थ त्या एका वाक्यात आहे. न पाहता केलेली सही म्हणजे अधिकाऱ्याने स्वतःच्या नावाने केलेले खोटे विधान असते. सही मिळवण्याचा हक्क उमेदवाराला नाही आणि त्यासाठी अधिकाऱ्याला पैसे द्यायचेही नसतात.

साक्षांकित प्रत परत आली की ती तिथेच नीट पाहून घ्यावी. नुसती सही आणि गोल शिक्का असेल, पण अधिकाऱ्याचे नाव आणि हुद्दा वाचता येत नसेल, तर सही करणारा राजपत्रित आहे की त्याच कार्यालयातला लिपिक, हे पडताळणीच्या टेबलावर कळायला मार्ग नसतो. संस्थेच्या रांगेत अशा फिकट शिक्क्याच्या प्रती घेऊन एक मुलगी आली होती. तिच्याकडे मूळ कागद होते म्हणून तिला परत पाठवले नाही, फक्त ठरावीक दिवसांत नव्या प्रती आणून देण्यास सांगितले. इथेच एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. प्रतीतला दोष बहुधा सुधारता येतो, कारण प्रत पुन्हा काढता येते. मूळ कागदातला दोष मात्र त्या दिवशी सुधारता येत नाही, आणि पुष्कळदा नंतरही नाही.

राजपत्रित अधिकाऱ्याने दिलेला चारित्र्याचा दाखला यापासून वेगळा मानावा. तो एखाद्या कागदाची प्रत नसतो. तो अधिकारी तुम्हाला इतकी वर्षे ओळखतो असे स्वतःच्या जबाबदारीवर सांगत असतो, म्हणजे तो स्वतःच एक मूळ कागद असतो. आरोग्य केंद्राचे डॉक्टर माझ्या प्रती साक्षांकित करू शकले, पण ते मला ओळखत नसल्याने असा दाखला देऊ शकले नसते, आणि मी तो त्यांच्याकडे मागितलाही नाही. तो मला शेजारच्या एका सरकारी अभियंत्यांकडून मिळाला.

आता मूळ कागदाकडे येते. केंद्रीय पदाच्या पडताळणीत टेबलावर तीन गोष्टी एकाच वेळी उघड्या होत्या: माझा ऑनलाइन अर्ज, माझे मूळ कागद आणि माझ्या प्रती. प्रती फाइलला लागणार होत्या, म्हणून त्यांच्याकडे शेवटी आणि भराभर पाहिले गेले. खरी तुलना अर्ज आणि मूळ कागद यांच्यात झाली. अर्जात मी जन्मतारीख लिहिली होती, ती दहावीच्या प्रमाणपत्राशी जुळवली. पदवी लिहिली होती, ती गोवा विद्यापीठाच्या पदवी प्रमाणपत्राशी आणि शेवटच्या वर्षाच्या गुणपत्रिकेशी जुळवली. इथे तारखेचा प्रश्न येतो. पात्रता ज्या दिवशी पूर्ण झालेली असायला हवी तो दिवस जाहिरातीत ठरलेला असतो, आणि पाहिले जाते ते निकाल त्या दिवसापर्यंत लागला होता की नाही. पदवीदान नंतर झाले आणि प्रमाणपत्रावर पुढची तारीख असली तरी गुणपत्रिकेवरची किंवा तात्पुरत्या प्रमाणपत्रावरची निकालाची तारीख उपयोगी पडते. म्हणून पदवी हातात असली तरी शेवटच्या सत्राची मूळ गुणपत्रिका सोबत ठेवावी. संकेतस्थळावरून छापलेला निकाल मात्र मूळ कागद ठरत नाही.

मूळ म्हणजे कोणता कागद, हे कधी कधी दिसते त्याहून वेगळे असते. हरवलेल्या गुणपत्रिकेच्या बदल्यात पर्वरीच्या गोवा शालान्त मंडळाने दिलेली दुय्यम गुणपत्रिका हा मूळ कागदच आहे, कारण ती देणाऱ्या संस्थेनेच सही-शिक्क्यासह दिलेली असते. उलट, घरात जपून ठेवलेल्या गुणपत्रिकेची हुबेहूब रंगीत झेरॉक्स ही झेरॉक्सच राहते, तिच्यावर कितीही सह्या असल्या तरी. डिजिलॉकरच्या बाबतीत २०१६ च्या नियमांत २०१७ मध्ये सुधारणा झाली आणि देणाऱ्या संस्थेने तिथे जारी केलेले दस्तऐवज मूळ कागदाच्या बरोबरीचे ठरले. पण त्याच डिजिलॉकरमध्ये स्वतः फोटो काढून चढवलेला कागद त्या नियमात येत नाही. तो केवळ साठवलेली प्रत असतो. दोन्ही एकाच फोनवर दिसतात, त्यामुळे पुष्कळांची गल्लत होते. डिजिटल सहीने मिळालेल्या दाखल्याचेही काहीसे असेच आहे. त्याची मूळ बाजू ती फाइल किंवा तिच्यावरचा पडताळणीचा क्यूआर कोड असते. आपण छापून आणलेला कागद स्पष्ट असायला हवा, म्हणजे तो कोड वाचता येतो. ज्या कागदाची कागदी मूळ प्रत आपल्याकडे आहे, ती मात्र न्यावीच, असे मी म्हणेन. पत्रात जे मागितले आहे त्यावर टेबलाशी उभे राहून नियमांची चर्चा करण्याइतका वेळ कोणाकडेच नसतो.

माझा सगळ्यांत अवघड कागद इतर मागासवर्गाचा होता. गोव्याच्या पदांसाठी राज्याच्या नमुन्यातला दाखला चालतो, केंद्राच्या पदांसाठी केंद्राच्या नमुन्यातला लागतो, आणि राज्याची यादी व केंद्राची गोव्यासाठीची यादी या दोन स्वतंत्र याद्या आहेत. केंद्राच्या नमुन्यात एक वाक्य असते की संबंधित व्यक्ती कार्मिक विभागाच्या ८ सप्टेंबर १९९३ च्या ३६०१२/२२/९३ क्रमांकाच्या ज्ञापनातील अनुसूचीच्या तिसऱ्या स्तंभात दिलेल्या उन्नत गटात, म्हणजे क्रीमी लेअरमध्ये, मोडत नाही. तपासणाऱ्या बाईंनी माझ्या दाखल्यावर पहिल्यांदा बोट ठेवले ते याच वाक्यावर, नंतर उपजिल्हाधिकाऱ्यांच्या सहीवर आणि मग तारखेवर. माझ्या शेजारच्या टेबलावर एका उमेदवाराने राज्याच्या नमुन्यातला दाखला दिला होता. त्याच्या प्रती निर्दोष होत्या, प्रत्येक पानावर सही, नाव आणि तारीख होती, आणि खबरदारी म्हणून त्याने त्या एका अधिकाऱ्याकडून साक्षांकितही करून आणल्या होत्या. त्या साऱ्या सह्यांनी एवढेच सिद्ध झाले की चुकीच्या नमुन्यातल्या दाखल्याची प्रत अगदी बरोबर आहे. योग्य नमुन्यातला दाखला सादर करण्यासाठी त्याला मुदत मिळाली. पण त्या दाखल्याची तारीख जाहिरातीत मान्य केलेल्या काळात बसणार का, हा प्रश्न तसाच होता, आणि त्याचे उत्तर कोणाचीही सही देऊ शकत नव्हती.

या दाखल्याच्या संदर्भात सासरच्या काही मंडळींचे म्हणणे होते की आता लग्न झाले आहे, तेव्हा नवऱ्याच्या उत्पन्नाचा दाखला लावून सासरच्या नावाने नवा दाखला काढावा. तसे करायचे नसते. उन्नत गट ठरतो तो आईवडिलांच्या स्थितीवरून, नवऱ्याच्या उत्पन्नावरून नाही. जातही लग्नाने बदलत नाही. २०१७ पासून उत्पन्नाची मर्यादा वार्षिक आठ लाख रुपये आहे, आणि त्या उत्पन्नाच्या कसोटीत पगार आणि शेतीचे उत्पन्न धरले जात नाही. माझ्या वडिलांचे कुळागर, म्हणजे माड-पोफळीची बाग, आणि एक लहान किराणा दुकान आहे. त्यातले दुकानाचे तेवढे मोजायचे होते. दाखला माझ्या माहेरच्या नावाने, वडिलांची मुलगी म्हणूनच राहिला.

त्यामुळे टेबलावर माझी दोन नावे समोरासमोर आली. गुणपत्रिका, पदवी आणि जातीचा दाखला माहेरच्या नावाचे. आधार कार्ड सासरच्या नावाचे. कितीतरी जणींना वाटते की अशा वेळी प्रतीवर सही करताना दोन्ही नावे लिहिली की काम होते. होत नाही. सही प्रत आणि तिचा मूळ कागद यांना जोडते. दोन वेगळ्या मूळ कागदांना जोडण्याचे सामर्थ्य तिच्यात नाही. त्यासाठी तिसरा मूळ कागद लागतो, आणि माझ्या बाबतीत तो नागरी निबंधकांकडचा विवाहनोंदणीचा दाखला होता. त्यात माझे माहेरचे नाव, वडिलांचे नाव आणि नवऱ्याचे नाव एकाच पानावर होते. बाईंनी क्रमाने गुणपत्रिका, जातीचा दाखला, विवाहाचा दाखला आणि आधार कार्ड असे चार कागद एका रांगेत ठेवले, आणि एकावरून दुसऱ्यावर नाव कसे गेले ते बोटाने मागोवा घेत पाहिले. मी घरी कागद लावताना क्रमांकाऐवजी याच क्रमाने लावले होते, त्याचा उपयोग झाला.

दुसरा प्रश्न वडिलांच्या आडनावाच्या इंग्रजी लिखाणाचा होता. बाबांचा जन्म १९६१ पूर्वीचा, म्हणून त्यांच्या जन्मनोंदीत आडनाव पोर्तुगीज वळणाने ‘सी’ने लिहिले आहे, माझ्या दहावीच्या प्रमाणपत्रावर तेच आडनाव ‘के’ने आहे. जातीच्या दाखल्यावर कार्यालयाने जन्मनोंदीप्रमाणे ‘सी’ ठेवला. उच्चारात काहीच फरक नाही आणि गोव्यातल्या माणसाला हे समजवावेही लागत नाही, कारण नाईक, परब, कामत या आडनावांची अशीच दोन-दोन लेखने घराघरांत आहेत. पण केंद्रीय पदाच्या टेबलावरील अधिकारी गोव्याबाहेरच्या होत्या आणि कागदावरची दोन वेगळी नावे पाहून प्रश्न विचारणे हे त्यांचे कामच होते. मी दोन्ही लेखने एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र सोबत नेले होते. ते माझे नव्हते, बाबांचे होते, कारण नाव त्यांचे आहे आणि ते हयात असताना त्यांच्या नावाविषयी शपथेवर सांगण्याचा अधिकार त्यांचाच पहिला. त्या टेबलावर तेवढे पुरले. मात्र हे केवळ लेखनभेदापुरते. नाव किंवा आडनाव खरोखर बदलले असेल, तर प्रतिज्ञापत्राने ते बदलत नाही. त्यासाठी गोव्यात १९९० चा नाव व आडनाव बदलाचा कायदा आहे आणि त्याची ठरलेली प्रक्रिया आहे. त्या प्रक्रियेतून मिळालेला कागद हा मग पुढच्या प्रत्येक पडताळणीत मूळ कागदांच्या रांगेत ठेवावा लागतो.

मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेचा सोडल्याचा दाखला मी फाइलमध्ये ठेवला होता, पण तो कोणी मागितला नाही. जे कागद इंग्रजी किंवा हिंदीत नाहीत त्यांचे भाषांतर सोबत मागणाऱ्या संस्था आहेत. रेल्वे भरती मंडळांच्या जाहिरातींत असे भाषांतर स्वसाक्षांकित असले तरी चालते असे लिहिलेले मी पाहिले आहे. तेव्हा भाषांतर प्रतीला जोडावे, मूळ कागदाला टाचू नये. एकूणच मूळ कागदाला टाचणी, छिद्र किंवा लॅमिनेशन करू नये. लॅमिनेशन केलेल्या गुणपत्रिकेवर उंचवट्याचा शिक्का बोटाला जाणवत नाही आणि शाईची सही छापील आहे की हाताची हेही कळत नाही.

पडताळणी संपल्यावर मूळ कागद तिथेच परत मिळाले. मिळायलाच हवेत; पडताळणीसाठी मूळ कागद पाहायचे असतात, ठेवून घ्यायचे नसतात. दोन्ही ठिकाणी मी उठण्यापूर्वी फाइलमधले कागद यादीशी ताडून पाहिले. प्रती मात्र तिथेच राहिल्या, आणि केंद्रीय कार्यालयात माझ्या प्रत्येक प्रतीवर बाईंनी ‘मूळ कागदाशी पडताळले’ असे लिहून स्वतःची सही आणि तारीख घातली. म्हणजे माझ्या सहीशेजारी आता त्यांचीही सही आली. आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी जे केले होते तेच हे काम, फरक एवढाच की ते कागद मागणाऱ्या कार्यालयाने स्वतः केले. म्हणूनच मूळ कागद प्रत्यक्ष पाहिले जाणार असतील तिथे त्रयस्थ अधिकाऱ्याचे साक्षांकन मला अनावश्यक वाटते. प्रती टपालाने पाठवायच्या असतील आणि मूळ कागद कोणी पाहणार नसेल, तर त्याला अर्थ आहे.

मूळ दाखला खरा आहे का, हा प्रश्न या साऱ्यानंतरही उरतोच, आणि तो उमेदवारासमोर सोडवला जात नाही. माझ्या नियुक्तीपत्रात स्पष्ट अट होती की नेमणूक तात्पुरती असून जातीच्या दाखल्याची योग्य मार्गाने खातरजमा होण्यावर ती अवलंबून आहे, आणि दाखला खोटा आढळल्यास आणखी कोणतेही कारण न देता सेवा समाप्त केली जाईल. रुजू झाल्यानंतर कार्यालयाने माझ्या दाखल्याची प्रत जोडून तो देणाऱ्या उपजिल्हाधिकारी कार्यालयाला पत्र पाठवले. तिथल्या नोंदवहीतला क्रमांक, तारीख आणि नाव जुळल्याचे उत्तर आले, आणि ते माझ्या सेवापुस्तिकेत लागले.